चिठ्ठीपर्यंत पोहोचायला अठरा क्लिप्स

मी एकांकिका लिहीत आले आहे आणि पोटासाठी कंपन्यांच्या ट्रेनिंगच्या फिल्म्सही लिहिते. गेल्या वर्षी जूनमध्ये मुंबईतल्या एका सहकारी बँकेच्या ट्रेनिंग विभागाने बोलावलं. काम असं होतं की काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांसाठी एक व्हिडिओ करायचा. तो मध्येच थांबतो, बघणाऱ्याला 'आता तुम्ही काय कराल?' असं विचारतो, आणि जो पर्याय निवडाल त्याप्रमाणे गोष्ट पुढे वेगळी घडते. विषय होता डिजिटल अरेस्ट. पोलीस किंवा सीबीआय असल्याचं भासवून कोणीतरी व्हिडिओ कॉल करतं, तुमच्या नावाने गुन्हा दाखल झाला आहे म्हणतं, कॅमेऱ्यासमोरून हलू देत नाही, आणि 'तपासणीसाठी' पैसे एका खात्यात भरायला लावतं. कायद्यात अशी अटक कुठेही नाही. पण माणूस घाबरून बँकेत येतो आणि स्वतःच्या हाताने, स्वतःच्या सहीने पैसे पाठवतो.

त्या बँकेच्या एका शाखेत असं घडून गेलं होतं. एका निवृत्त शिक्षिकेने मुदतठेव मोडली आणि सगळी रक्कम आरटीजीएसने गेली. काउंटरवरच्या मुलीने नियमाबाहेर काहीच केलं नव्हतं. ती मुलगी अजून रडते, असं ट्रेनिंगच्या मॅडम म्हणाल्या. हे ऐकून मी काम घेतलं.

पहिला मसुदा मी चार दिवसांत लिहिला आणि तो वाईट होता. काकू येतात, अठरा लाखांची ठेव मोडायची म्हणतात, थोड्या घाबरलेल्या दिसतात. पर्याय तीन. एक, 'नियमाप्रमाणे व्यवहार पूर्ण करा.' दोन, 'दुर्लक्ष करा आणि पुढच्या ग्राहकाला बोलवा.' तीन, 'काकूंशी शांतपणे आणि आपुलकीने बोलून त्यांना फसवणुकीची जाणीव करून द्या.' हा मसुदा कागदावरच ठेवून मी परळच्या शाखेत जेवणाच्या सुट्टीत बारा जणांना वाचून दाखवला. अकरा जणांनी तिसरा पर्याय घेतला. बाराव्या काकांनी मुद्दाम पहिला घेतला, कारण 'सगळे तोच घेतायत म्हणून.'

यात कोणी काही शिकलं नव्हतं. उत्तर पर्यायातच लिहिलेलं होतं. सगळ्यात लांब वाक्य तेच, 'शांतपणे', 'आपुलकीने' हे गोड शब्दही त्यातच. शिवाय डिजिटल अरेस्ट हा शब्द त्यांच्यापैकी प्रत्येकाने ऐकलेला होता. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान 'मन की बात'मध्ये त्यावर बोलले होते, शाखेत पोस्टर लावलेलं होतं. माहिती होतीच. मग त्या दिवशी त्या शाखेत पैसे गेले कसे?

हे विचारायला मी पुन्हा गेले. या वेळी वहीत पर्याय नव्हते, एकच प्रश्न होता: तुमच्या समोर असं कोणी आलं तेव्हा तुम्ही नेमकं काय बोललात? पंचवीस वर्षं कॅशला काढलेल्या एका ताईंनी सांगितलं, "मी विचारलं की हो! सरळ विचारलं, काकू, तुम्हाला कोणी फोन करून पैसे मागत नाही ना? तर म्हणाल्या, नाही गं, भाचीच्या फ्लॅटचं बुकिंग आहे. आणि पर्सची चेन लावून घेतली."

त्या चेनपाशी मी थांबले. ताईंनी पुढे सांगितलं ते असं. फोनवरचा माणूस आधीच बजावून ठेवतो की बँकवाले विचारतील, त्यांना काही सांगायचं नाही, त्यांच्यातलेही लोक या गुन्ह्यात सामील आहेत. कारणही तोच पढवतो, कधी फ्लॅट, कधी मुलाचं शिक्षण. म्हणजे काउंटरवरच्या मुलीने काळजीने विचारलेला प्रश्न त्या माणसाने काकूंना आधीच ऐकवलेला असतो. मुलगी तो प्रश्न विचारते तेव्हा काकूंच्या दृष्टीने तो 'साहेब' खरा ठरतो. त्यांचा त्याच्यावरचा विश्वास वाढतो आणि हिच्यावरचा जातो. आणि हे सगळं चालू असताना पर्समध्ये फोन सुरूच असतो, तो माणूस ऐकत असतो.

म्हणजे चुकीचा पर्याय आळशी किंवा बेफिकीर कर्मचाऱ्याचा असून चालणार नव्हतं. तो चांगल्या, काळजी करणाऱ्या कर्मचाऱ्याचा हवा होता. मी पहिला मसुदा बाजूला ठेवला आणि पर्याय नव्याने लिहिले. आता त्यांत हेतू नव्हता, फक्त कृती किंवा तोंडचं वाक्य होतं, आणि तिन्ही साधारण एकाच लांबीचे. 'फॉर्म तपासून अधिकाऱ्याकडे पाठवा.' 'काउंटरवरच विचारा: कोणी फोन करून धमकावतंय का?' 'पावतीच्या पाठीमागची सही आत बसून घ्या.' पुन्हा बारा जण, या वेळी मुलुंडच्या शाखेत. सात जणांनी दुसरा घेतला, तिघांनी पहिला, दोघांनी तिसरा. आता या गोष्टीत दाखवण्यासारखं काही होतं.

तिसऱ्या पर्यायामागे एक वाद आहे. कितीतरी कर्मचाऱ्यांनी मला सांगितलं की ते अशा वेळी 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' म्हणतात आणि त्याने खरोखर माणसं वाचतात. मी ते लिहिलं. बँकेच्या कम्प्लायन्सच्या सरांनी लाल पेनने खोडलं. "मॅडम, ग्राहकाशी खोटं बोला असं आम्ही ट्रेनिंगमध्ये शिकवू शकत नाही. आज फसवणुकीसाठी बोलतील, उद्या घरी लवकर जायचं म्हणून." मला तेव्हा राग आला होता, पण ते बरोबर होते. शिवाय खोटं चालतही नाही. काकू दुसऱ्या बँकेत जातात किंवा फोनवरचा माणूस त्यांच्याकडून मोबाइलवरून पैसे काढून घेतो. मग मी खऱ्या कामातच वेळ शोधला. मुदतीआधी ठेव मोडायची तर पावती लागते, तिच्या मागे सही लागते, अर्ज लागतो, आणि एकाने भरलेली नोंद दुसऱ्याने मंजूर केल्याशिवाय पुढे जात नाही. काउंटरवरून उठवून आत खुर्चीत बसवायला एवढं कारण पुरतं, आणि त्यात एकही शब्द खोटा नाही.

याच मंजुरीने माझा दुसरा, मोठा प्रश्नही सोडवला. मला तीन ठिकाणी निवड हवी होती, प्रत्येकी तीन पर्यायांची. सगळ्या फांद्या मोकळ्या सोडल्या तर एक, तीन, नऊ, सत्तावीस, अशा चाळीस क्लिप्स होतात. बजेट दोन दिवसांच्या शूटिंगचं होतं. म्हणून फांद्या मध्येच पुन्हा एकत्र आणाव्या लागतात. पण तसं ओढूनताणून केलं तर बघणाऱ्याला लगेच कळतं की आपण काहीही निवडलं तरी पुढे तेच होतं, आणि तो निवडणं सोडून नुसती बटणं दाबायला लागतो.

बँकेत सगळे मार्ग आपोआप अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये जातात. फॉर्म पुढे पाठवला तरी मंजुरीसाठी तिथेच, थेट विचारलं आणि काकू तटकन 'मला मॅनेजरला भेटायचंय' म्हणाल्या तरी तिथेच, सहीसाठी आत नेलं तरी तिथेच. खोली एकच, पण आत येणाऱ्या काकू वेगळ्या. त्यांच्यासाठी मी एक आकडा ठेवला, नाव दिलं विश्वास. सुरुवात शून्यापासून. आत बसवलं तर एक वाढतो, तोंडावर विचारलं तर एक कमी होतो, नुसता फॉर्म पुढे पाठवला तर तसाच राहतो. केबिनचा प्रसंग दोनदा लिहिला. एकात काकू पर्स शेजारच्या खुर्चीवर ठेवतात आणि पाणी घेतात. दुसऱ्यात पर्स मांडीवर घट्ट धरून बसतात, पाण्याला हात लावत नाहीत.

हे सगळं मी ट्वाइन नावाच्या फुकट मिळणाऱ्या साधनात बांधलं. प्रत्येक प्रसंग एक चौकोन, चौकोनांमध्ये बाण, आणि ब्राउझरमध्ये उघडलं की कोणीही वाचून निवडत जाऊ शकतो. आत बसवल्याच्या चौकोनात शेवटी इतकंच होतं:

```
(set: $vishwas to $vishwas + 1)
(if: $vishwas > 0)[ [[केबिन-बोलकी]] ]
(else:)[ [[केबिन-गप्प]] ]
```

इथे मी एक चूक केली ती सांगते, कारण ती कागदावर दिसत नाही. शेवटी 'पुन्हा प्रयत्न करा' हा बाण मी सरळ पहिल्या चौकोनाकडे नेला. ट्रेनिंगच्या मॅडमनी आधी चांगला मार्ग घेतला, मग वाईट काय होतं ते बघायला परत येऊन नुसता फॉर्म पुढे पाठवला, तर काकू बोलक्या निघाल्या. मॅडम म्हणाल्या, "अहो, हे जरा जास्तच सोपं नाही का?" मागच्या खेपेचा विश्वास पुसलाच गेला नव्हता, शिल्लक तशीच पुढे येत होती. पहिल्याच चौकोनात तो पुन्हा शून्य केला आणि काम झालं. तेव्हापासून मी तपासताना प्रत्येक मार्ग दोनदा चालते, एकदा ताजा आणि एकदा दुसऱ्या मार्गावरून परत येऊन.

केबिनमधली निवड मला सगळ्यात अवघड गेली. एक पर्याय होता, खात्यावर नॉमिनी असलेल्या मुलाला काकूंना न विचारता फोन लावायचा. जवळजवळ सगळ्यांना हाच बरोबर वाटतो. पण ग्राहकाच्या व्यवहाराची माहिती तिच्या परवानगीशिवाय तिसऱ्या माणसाला देता येत नाही, मुलगा असला तरी. नॉमिनीचा हक्क खातेदार गेल्यानंतरचा. पटकथेत मुलगा फोनवर ओरडतो, "आईला फोन द्या!" काकू ऐकतात, उठतात. विश्वास शिल्लक असेल तर दारापर्यंत जाऊन थांबतात, नसेल तर निघून जातात. दुसरा पर्याय भिंतीवरचं पोस्टर दाखवून समजावण्याचा. तिसरा, समोर एक चिठ्ठी सरकवायची: 'फोन चालू आहे का? बोलू नका, फक्त मान हलवा.'

चिठ्ठी ही माझी कल्पना नाही. मुलुंडच्या एका ऑफिसरबाईंनी हे खरंच केलं होतं. कारण ऐकणारा पर्समध्ये बसलेला असतो, त्याला ऐकू न जाणारी एवढी एकच गोष्ट टेबलावर असते.

परिणाम कसे दाखवायचे यावर मॅडमशी माझी दोन तास चर्चा झाली. त्यांना हवं होतं की चुकीची निवड झाली की लाल फुली यावी आणि आवाजाने सांगावं: हे अयोग्य आहे, परिपत्रक अमुक. मी म्हटलं, मॅडम, त्या मुलीला कुठे फुली दिसली होती? तिला तर त्या दिवशी काकूंनी 'थँक यू बाळा' म्हटलं होतं. परिणाम दुसऱ्या दिवशी आला. म्हणून आमच्या व्हिडिओत फॉर्म पुढे पाठवणाऱ्याला लगेच काहीच वाईट दिसत नाही. रांग सरकते, काकू हसतात. आणि पोस्टर दाखवूनही त्या ठाम राहिल्या, पैसे गेले, तर पुढची क्लिप दुपारी साडेचारची आहे. काकू परत येतात, काउंटरसमोर उभ्या राहतात आणि विचारतात, "ते पैसे परत कधी येणार? साहेब म्हणाले होते दोन तासांत येतील. आता फोन लागत नाहीये." एवढंच. परिपत्रकाचा क्रमांक शेवटच्या पडद्यावर दिला, गोष्ट संपल्यावर.

तिसरी निवड या साडेचारनंतर येते, फक्त ज्यांचे पैसे गेले त्यांच्यासाठी. 'पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार द्यायला सांगा' किंवा 'यूटीआर नंबर काढून इथूनच १९३० लावा.' यूटीआर म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक. आरटीजीएस एकदा गेलं की बँक ते मागे ओढू शकत नाही, आणि समोरच्या बँकेने निरोप मिळाल्यापासून अर्ध्या तासात रक्कम जमा करायची असते. तिथून चोर ती पुढच्या खात्यांत फोडत जातो. १९३० या हेल्पलाइनवर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदली की पैसे जिथवर पोहोचले असतील तिथे उरलेली रक्कम रोखून धरता येते. जी पुढे निघून गेली ती हातातून जाते. म्हणून या दोन पर्यायांतला फरक मी रकमेत दाखवला. पहिल्यात दुसऱ्या दिवशी कळतं की खात्यांत काही उरलं नाही. दुसऱ्यात अठरापैकी सहा लाख अडकवता आले. पूर्ण अठरा वाचवणारा शेवट या फांदीवर मी लिहिला नाही. मॅडमनी मागितला होता, पण साडेचार वाजून गेलेले असताना तसं दाखवलं असतं तर ते खोटं आश्वासन झालं असतं.

आणि कम्प्लायन्सच्या सरांनी एक शेवट माझ्याकडून हट्टाने लिहून घेतला. सगळं बरोबर केलं, पण विश्वास आधीच गमावलेला होता, काकू चिठ्ठी वाचतात, मान हलवत नाहीत, म्हणतात, "माझे पैसे आहेत, मला पाठवायचे आहेत." सरांचं म्हणणं होतं की ग्राहक शुद्धीत, सहीनिशी आग्रह धरत असेल तर शाखा मनाला येईल तसं अडवून ठेवू शकत नाही, आणि कर्मचाऱ्यांनी हेही बघायला हवं. आज मला वाटतं की त्या व्हिडिओतला सगळ्यात खरा प्रसंग तोच आहे.

शेवटी मोजणी अशी झाली: सुरुवात एक, पहिल्या निवडीचे परिणाम तीन, केबिन दोन प्रकारची, तिथल्या निवडीचे परिणाम सहा, साडेचारनंतरचे दोन, आणि शेवट चार. अठरा क्लिप्स. एकदा बघणारा त्यातल्या पाच-सहाच बघतो.

शूटिंगआधी दादरला मैत्रिणीच्या घरी आम्ही सगळेच्या सगळे मार्ग मोठ्याने वाचले, प्रत्येक अगदी सुरुवातीपासून. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही. केबिनमध्ये काकू म्हणत होत्या, "मगाशी त्या मुलीनेही हेच विचारलं." वाक्य मला फार आवडत होतं. पण गप्प काकू दोन मार्गांनी येतात, आणि फॉर्म पुढे पाठवलेल्या मार्गावर त्या मुलीने काहीच विचारलेलं नसतं. वाक्य गेलं. दोन फांद्या जिथे मिळतात तिथे आधीच्या कुठल्याही एकाच फांदीची आठवण चालत नाही, हे माहीत असूनही हात लिहून जातो.

शूटिंग जुलैमधल्या चौथ्या शनिवारी आणि रविवारी, शाखा बंद असताना. क्लिप्स गोष्टीच्या क्रमाने घेता येत नाहीत, जागेप्रमाणे घ्याव्या लागतात, म्हणजे केबिनच्या आठही एका दमात. काकूंचं काम करणाऱ्या बाई रंगभूमीवरच्या, तयारीच्या. तिसऱ्या टेकला त्यांनी विचारलं, "आत्ता मला या ऑफिसरबद्दल किती संशय आहे? आणि मला काय काय कळलंय?" मी चाचरले. दुपारच्या जेवणात बसून प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक ओळ लिहिली: काकूंना या क्षणी काय माहीत आहे, पर्स कुठे आहे, छत्री ओली की सुकी. छत्रीचं महत्त्व तेव्हाच कळलं, कारण सकाळी बाहेर पाऊस होता आणि काउंटरच्या क्लिपमध्ये तिच्यातून पाणी गळत होतं. भिंतीवरचं घड्याळ आम्ही काढून ठेवलं. साडेचारच्या क्लिपपुरतंच ते परत लावलं.

प्रत्येक निवडीच्या आधी काकूंना दहा सेकंद तशाच बसावं लागत होतं, म्हणजे पडद्यावर पर्याय असताना मागे चित्र थिजलेलं वाटत नाही. हे दहा सेकंद स्क्रिप्टमध्ये लिहावे लागतात, नाहीतर दिग्दर्शक 'कट' म्हणून मोकळा होतो. आमचं पहिल्या दोन क्लिप्सना तसंच झालं आणि त्या पुन्हा घ्याव्या लागल्या.

सप्टेंबरमध्ये एडिट झालेला व्हिडिओ घेऊन मी परळला गेले, चेन लावल्याचं सांगणाऱ्या कॅशच्या ताईंकडे. त्यांनी पहिल्या खेपेला तोंडावर विचारलं. काकू गप्प झाल्या, केबिनमध्ये ताईंनी पोस्टर दाखवलं, पैसे गेले. साडेचारची क्लिप त्यांनी न बोलता पाहिली. मग काही न सांगता पुन्हा सुरुवात केली, आत बसवलं, चिठ्ठी सरकवली. पडद्यावर काकूंनी चष्मा सावरून चिठ्ठी वाचली, मान हलवली. पुढच्या क्लिपमध्ये अधिकारी बाईंनी हाताच्या खुणेने परवानगी घेऊन फोन बंद केला, आणि १९३० लागेपर्यंत काकू टेबलाची कड धरून बसून राहिल्या.

ताई म्हणाल्या, "चिठ्ठी बॉलपेनने लिहिली आहे तुम्ही."

मी म्हटलं, हो.

"आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका जवळचा चष्मा घरी विसरतात. आणि अशा घाबरलेल्या असल्यावर तर नक्कीच. काकूंना ते दिसणारच नाही. स्केचपेनने लिहा, एवढ्या मोठ्या अक्षरात. तीनच शब्द. 'फोन चालू आहे?' बस."

पुढच्या रविवारी आम्ही कॅमेरामन आणि मी असे दोघेच गेलो. अधिकाऱ्याचा हात म्हणून माझाच हात, तीच निळी बाही, काळं स्केचपेन, पासबुकाच्या आकाराचा कोरा कागद. चिठ्ठीच्या दोन्ही क्लिप्समधला तेवढा तुकडा बदलला, आणि काकूंनी चष्मा सावरतानाचा शॉट काढून टाकला.